तळेगावची चौकट

खंडेनवमीच्या दिवशी मला कधीच करमत नाही. घरी असले तर आई विळी, कोयता, खलबत्ता सगळं पाटावर मांडून ठेवते आणि मग भाजी चिरायला घरात काही उरत नाही. ऑफिसात असले तर त्याहून वाईट. तिथे कॉम्प्युटरची पूजा झालेली असते, मॉनिटरला झेंडूचा हार, खालच्या डब्यावर हळदकुंकवाची बोटं, आणि पूजा झालेल्या वस्तूला दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. पण हजेरीला मात्र यायचं. म्हणजे दिवसभर हात बांधून बसायचं. माझा स्वभाव बसायचा नाही. मी त्या दिवशी टेबलाचे सगळे खण आवरले, पुन्हा पसरले, आणि पुन्हा आवरले.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, ऑफिसात एक्सेलची जुनी आवृत्ती चालायची त्या वर्षांतली. वर्ध्याला आमच्या सेठजींचं सोयाबीनच्या तेलाचं काम होतं. जिल्ह्यात ठिकठिकाणी खरेदी केंद्रं होती, आर्वीला, आंजीला, आणि त्या हंगामापासून तळेगावलाही. आधी तळेगावचा माल आर्वीच्याच काट्यावर जायचा. कास्तकारांच्या गाड्या तिकडून आर्वीपर्यंत हेलपाटत यायच्या म्हणून त्या वर्षी तळेगावात वेगळी जागा घेतली, काटा बसवला आणि आर्वीच्या एका जुन्या माणसाला तिथे बसवलं. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणायचो. पन्नाशीच्या पुढचे, कानावर पेन, बोलणं हळू. इतकं हळू की मला त्यांचं वाक्य संपायच्या आत दोनदा उत्तर द्यावंसं वाटायचं.

सेठजींना त्या काळात एका गोष्टीचं वेड लागलं होतं. त्यांच्या नागपूरच्या एका व्याह्याने आपल्या कारखान्यात 'डॅशबोर्ड' दाखवला होता. एकाच पानावर सगळं, कुठे किती माल आला, किती ओला, किती सुका. झालं, आपल्यालाही पाहिजे. नागपूरहून एक मुलगा नोकरीला ठेवला, त्याने एक्सेलमध्ये ते पान बनवून दिलं. प्रत्येक केंद्राची एक चौकट, चौकटीत आकडे, खाली रंगीत खांब. रोज ते पान वेब पेज म्हणून कंपनीच्या सायटीवर चढायचं, आणि सेठजी संध्याकाळी घरी चहा पिता पिता ते बघायचे. केंद्रावरचे लोकही बघायचे, फोनच्या वायरीवरचं इंटरनेट मनात असेल तेव्हा. घटस्थापनेच्या आधी त्या मुलाला हैदराबादला चांगली नोकरी लागली. तो गेला आणि ते पान माझ्या गळ्यात पडलं. मी मुळात पेंडीच्या हिशेबातली. पण एक्सेल मला येतं, ही बातमी कोणीतरी पसरवली होती.

तर त्या नवमीला, पूजेचा प्रसाद वाटून झाला होता आणि मी तिसऱ्यांदा खण आवरत होते, तेव्हा काका दारात उभे राहिले. तळेगावहून एसटीने आले होते. चपला बाहेर काढल्या, आधी हार घातलेल्या कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळले.

"ताई, मले एक सांगा. मी रोज माल घेऊन राह्यलो, रोज तुमाले मेल करून राह्यलो. मंग पानावर माह्या केंद्रापुढं शून्य काऊन?"

"शून्य?"

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पानाची छापील प्रत होती. आर्वीला आकडा, आंजीला आकडा, तळेगावला शून्य. खांबच नाही, नुसती रेघ.

मी खण तसाच सोडून तो कागद हातात घेतला. कारण आदल्या दिवशी सेठजी मोठ्या मुनीमजींना जे म्हणाले होते ते मी ऐकलं होतं. तळेगावचं केंद्र नुसतं बसून आहे, दसऱ्याला निकाल लावून टाकू, जागा सोडून देऊ. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, असेल बाबा, काकांना जमत नसेल. आता काका समोर उभे होते आणि ते रोज माल घेत होते.

काकांनाही ते कळलं होतं. आर्वीच्या केंद्रवाल्याने फोनवर सांगितलं होतं.

"सेठजी उद्या तोडणार आहे म्हणते," ते म्हणाले. "माह्यं सोडा. चार हमाल आहे तिथं, गावातलेच. अन् कास्तकारायले पुन्हा आर्वीले जा लागन. म्हून मी म्हटलं जाऊन पाहू, काय चुकून राह्यलं माह्यं. मी तं रोज रिफ्रेश मारतो."

"कुठं मारता रिफ्रेश?"

"त्या पानावरच. इंटरनेटवर. एफ पाच. संध्याकाळी मारतो, सकाळी मारतो. परवा तं बसून मारतच होतो, तरी शून्याचं शून्य."

मला हसू आलं आणि रागही आला. राग त्यांचा नाही. त्या हैदराबादला गेलेल्या पोराचा, ज्याने ह्या लोकांना फक्त एवढंच सांगितलं होतं की रिफ्रेश मारा, ताजं होते.

"काका, बसा," मी म्हटलं. "तुमी जे मारता त्यानं फक्त सायटीवर जे पान आहे तेच पुन्हा येते. जुनं असन तं जुनंच येते. तुमच्या एफ पाचनं इथलं काहीच हालत नाई."

"मंग ताजं कशानं होते?"

कॉम्प्युटर सुरू असता तर मी दोन मिनिटांत दाखवलं असतं. पण तो हार घालून बसलेला. मी इकडे तिकडे पाहिलं. भिंतीवर भावाचा फळा होता, काळा, पांढऱ्या रंगाने रकाने आखलेला. असाच फळा प्रत्येक केंद्राच्या गेटवर असायचा. त्याची पूजा कोणी केली नव्हती, बिचाऱ्याची. मी खडू उचलला.

"तुमच्या केंद्रावर फळा आहे नं? समजा तो तुमी रात्री आत आणून ठेवता. सकाळी त्याच रकान्यात काल लिहिलेला भाव पुसून आजचा लिहिला. रकाने तेच, आकडे नवे. हे झालं डेटा रिफ्रेश. एक्सेलमध्ये लाल उद्गारचिन्हाचं बटन आहे, ते दाबलं का जिथून आकडे घ्यायचे ठरले आहे तिथून ते नवे आकडे घेते. बस. त्याच्यापेक्षा जास्त अक्कल त्याले नाई."

"हं."

"आता समजा तुमच्या फळ्यावर तुरीचा रकानाच नाई. तुरीचा भाव कितीही बदलू दे, तुमी कितीही पुसून लिहा, तूर फळ्यावर येईन का?"

"कशी येईन? रकाना आखा लागन."

"हे झालं पान पुन्हा बांधणं. रकाना आखायचा, तो कोणत्या आकड्यांशी जोडायचा ते सांगायचं. रिफ्रेशनं हे काम होत नाई, कितीही मारा."

काका कागदावरच्या तळेगावच्या चौकटीकडे बघत राहिले. "पण माह्या नावाचा रकाना तं आहे."

इथे मी थांबले. खरंच, चौकट तर होती. मग शून्य कुठून? मी ते पान कसं आहे ते डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. फाइलमध्ये प्रत्येक केंद्राचं एक वेगळं शीट होतं. मेलवर आलेले आकडे त्या त्या शीटमध्ये चिकटवायचे. तळेगावचंही शीट होतं, मीच रोज त्यात काकांचे आकडे न वाचता, एकगठ्ठा चिकटवत होते, ते मला चांगलं आठवत होतं. म्हणजे माल घरात येत होता. मग सगळ्या शीटांवरून एक सारांश बनायचा आणि सारांशावरून चौकटी भरायच्या. तो सारांश त्या पोराने मागच्या हंगामात बांधलेला. तेव्हा तळेगाव नव्हतंच. आणि ह्या हंगामात सेठजी म्हणाले तळेगाव दाखव, तर पठ्ठ्याने पानावर एक चौकट काढली, नाव टाकलं, आणि आत तात्पुरतं शून्य लिहून ठेवलं. हाताने लिहिलेलं शून्य. कशालाच न जोडलेलं. घराला नळ बसवायचा आणि पाइपच टाकायचा नाही, असलं काम.

मशीन न उघडता मी खात्रीने सांगू शकत नव्हते, पण माझा जीव सांगत होता की हेच आहे. मी काकांना ते समजावलं.

"मंग तुमी ते जोडलं का माह्या कंपूटरवर दिसन?"

"नाई दिसणार. अजून एक आहे." मी फळा भिंतीवरून काढून टेबलावर पालथा ठेवला. "फळा आत नवा आखला, आजचे भाव लिहिले. पण तो आतच आहे अन् गेटवर जुनाच टांगून आहे. कास्तकार कोणता वाचन?"

"गेटवरचा."

"तसंच. मी इथं दुरुस्त केलं तरी ते फक्त माह्या फाइलमध्ये. ते पुन्हा वेब पेज म्हणून छापून सायटीवर चढवलं का मंग सेठजीले दिसन, तुमाले दिसन. सायटीवरचं पान म्हंजे फोटो आहे. फाइल बदलली म्हून फोटो बदलत नाई. एक खूण असते, ती केली तं फाइल सेव्ह करताच आपोआप चढते. पण त्या पोट्ट्यानं ती केलीच नाई."

काकांनी तिन्ही गोष्टी परत स्वतःशी म्हटल्या. आकडे नवे करणं वेगळं. रकाना आखून जोडणं वेगळं. गेटवर टांगणं वेगळं. मला वाटलं झालं, आता उठू या. मी मॉनिटरवरचा हार काढायला हात पुढे केला.

"सेठजी संध्याकाळी घरी पान उघडन," मी म्हटलं. "पाव तासाचं काम आहे. आत्ता जोडते, चढवते, संध्याकाळी आकडा दिसन, उद्याचा प्रश्नच मिटला."

"नोको," काका म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पूजा झाली आहे ताई. आज नाई."

"काका, तुमचं केंद्र चाललं आहे. पूजेचं काय घेऊन बसले? मी लावते हात, माह्या डोक्यावर पाप घेते. तुमी बाहेर उभे राहा."

"पापाचं नाई." ते नेहमीसारखेच सावकाश बोलले, आणि मी नखं खात ऐकत राहिले. "सकाळी माह्या काट्यावर कास्तकार आलते. गाड्या भरून. मी काट्याले हार घातला होता. त्यायले म्हटलं, आज काटा नाई चालणार बाप्पा, उद्या या. एक जण चिडला. सणाले पैसे पाह्यजे होते त्याले. तरी मी नाई चालवला. त्याले परत धाडून मी इथं येतो अन् माह्यासाठी मशीन चालवतो, हे कसं दिसते?"

"कोणाले दिसणार आहे?"

"मले."

मी चिडले, खूप चिडले. एका अर्थाने अजूनही चिडलेली आहे. मी म्हटलं, तुमच्या चार हमालांचं काय, तेव्हा काका म्हणाले की त्यांनीच सकाळी काट्याला हार आणला होता. मग मी फळा परत भिंतीवर टांगला, जरा आपटूनच. काका एसटीच्या वेळेला निघाले. जाताना म्हणाले, "उद्या सकाळी पह्यले तेच करजा ताई. येतो मी."

तो दिवस सरता सरेना. संध्याकाळी घरी जाताना ऑफिसच्या चौकीदाराला मी उगाचच विचारलं, किल्ली कोणाकडे असते म्हणून. तो म्हणाला माझ्याकडेच, कशाला पाहिजे? मी म्हटलं, काही नाही. रात्रभर माझ्या डोक्यात तो सारांश उलगडत होता, कुठली शीटं घेतलीत, तळेगावचं कसं घालायचं. घरात सगळे झोपले होते आणि मला मात्र उठून जावंसं वाटत होतं. गेले नाही. का गेले नाही ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. काकांचा तो 'मले' आडवा आला असावा.

दसऱ्याला ऑफिस उघडायच्या आधी मी दारात होते. हार काढला, अक्षता टाकून मशीन हलवलं आणि सुरू केलं. आधी लाल उद्गारचिन्ह दाबून पाहिलं, खात्रीसाठी. आर्वी हललं, आंजी हललं, तळेगाव शून्य. चौकटीवर क्लिक केलं. वर सूत्र नव्हतं, नुसतं शून्य. हाताने लिहिलेलं. पोराला मी मनातल्या मनात वर्ध्याच्या सगळ्या शिव्या दिल्या, आणि सारांशात तळेगावचं शीट घातलं, चौकट त्याला जोडली, पुन्हा उद्गारचिन्ह दाबलं.

आकडा आला. आंजीच्या वर, आर्वीच्याही वर. खांब उभा राहिला तेव्हा मी एकटीच खुर्चीत मोठ्याने हसले. मग छापून सायटीवर चढवलं. इंटरनेट त्या दिवशी मुंगीच्या पावलांनी चाललं होतं आणि मी टेबलावर बोटं वाजवत होते. चढलं एकदाचं.

सेठजी आपट्याची पानं घेऊन आले. काकाही पोचले होते, पांढरा शर्ट घालून, भिंतीशी उभे. मी सेठजींना सोनं द्यायच्या आधी कॉम्प्युटरकडे नेलं. सायटीवरचं पान उघडून दाखवलं, काय झालं होतं ते भराभर सांगितलं. माझं बोलणं नेहमीच भराभर, त्या दिवशी तर श्वासही घेतला नसेल.

सेठजींनी पान नीट पाहिलं. समजूतदार माणूस होता, समजलं त्यांना. पण त्यांचा चेहरा उतरला.

"बेटा, काल संध्याकाळी पान पाह्यलं मी. शून्य होतं. जागावाला बसूनच होता. त्याले म्हणून टाकलं, दिवाळीपासून जागा तुही. दुसरा किराएदार आहे त्याच्याकडं. नवमीचा दिवस, जबान दे दी. अब कैसे फिरू?"

"पण सेठजी, आकडा चुकीचा होता."

"आकडा गलत था. जबान तो मेरी थी नं."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी कानावरचं पेन काढून खिशात ठेवलं. सेठजींनी पुढे होऊन त्यांच्या हातात आपट्याचं पान दिलं, म्हणाले, तुम्ही आंजीला या, तिथे माणूस पाहिजेच आहे. हमालांचं सेठजी काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी मला कोणाचंही सोनं घ्यावंसं वाटलं नाही, तरी घेतलं.

दिवाळीनंतर काका आंजीला दुसऱ्याच्या हाताखाली बसायला लागले. तळेगावचा काटा उचलून आर्वीला नेला. चार हमालांपैकी एक आर्वीला गेला, बाकीचे पुन्हा दिसले नाहीत. आणि मला मुनीमजींकडून निरोप आला की पानावरची तळेगावची चौकट काढून टाक, आता तिथे काही नाही.

मी फाइलमध्ये ती काढली. सारांशातून शीट काढलं, आर्वी आणि आंजी जवळ सरकवले, खांबांचे रंग सारखे केले. पान छान दिसत होतं. आणि मग मी ते चढवलंच नाही. सेठजी नेमके तेव्हा नात्यातल्या लग्नाच्या गडबडीत पुण्याला होते, आकडे बघायला त्यांना सवड नव्हती. कोणी विचारलं नाही. सायटीवर जुनं पान तसंच राहिलं, तळेगावच्या चौकटीसकट, त्या सगळ्यांत चांगल्या आकड्यासकट. मला रोज सकाळी वाटायचं, आज चढवू. आणि रोज मी म्हणायचे, राहू दे. जगाला एकदा दिसू तरी दे. जग म्हणजे कोण, हे मी स्वतःला विचारलं नाही.

एका दुपारी आंजीहून काकांचा फोन आला.

"ताई, पान पाह्यलं मी आत्ता. तळेगाव आहे अजून त्याच्यात."

"हो," मी म्हटलं. "राह्यलं असन."

"एफ पाच मारून पाह्यलं. तरी आहे. म्हंजे तुमी फाइलमध्ये काढलं, अन् चढवलं नाई."

बाकी कोणी असतं तर मी सरळ सांगितलं असतं, इंटरनेट बंद होतं.

"इथं आंजीचा आकडा पण जुनाच दिसून राह्यला," काका म्हणाले. "काल सेठजी पुण्याहून आले अन् इथलं केंद्र पाह्यते त्या पोराले फोन केला, माल काऊन वाढत नाई म्हून. तो रोज घेऊन राह्यला बिचारा."

माझा हात आपोआप माउसवर गेला होता.

"काका, मले ते काढवत नाई," मी म्हटलं.

"मले ठाऊक आहे. पण चढवा. जे माह्यावर झालं ते त्याच्यावर नोको."

मी फाइल उघडली. उद्गारचिन्ह दाबलं, आंजीचे आकडे नवे झाले. वेब पेज म्हणून छापलं, चढवलं, आणि ती आपोआप चढायची खूणही करून टाकली. सगळं होईपर्यंत काका फोनवर थांबले. मागून त्यांच्या केंद्रावर कोणीतरी पोतं ओढत असल्याचा आवाज येत होता.

"झालं," मी म्हटलं. "आता मारा रिफ्रेश."

पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही, त्यांचं इंटरनेट हळू चालायचं.

"हो ताई," काका म्हणाले. "गेलं तळेगाव."